पूल आडवा का हलला?

(पडद्यावर: थेम्स नदी, गर्दीने भरलेला पादचारी पूल. वाऱ्याचा आणि बोलण्याचा आवाज.)

१० जून २०००, शनिवार. लंडनमध्ये थेम्स नदीवरचा नवा मिलेनियम पूल आज लोकांसाठी खुला झालाय. एका काठाला सेंट पॉल कॅथेड्रल, दुसऱ्या काठाला टेट मॉडर्न. सकाळपासून माणसांची रीघ लागलीय. एका वेळी दोन हजारांच्या आसपास माणसं पुलावर आहेत.

आता या चित्रफितीत चेहरे नका बघू, पाय बघा. माणसं पाय फाकवून चालतायत, होडी डुलायला लागल्यावर आपण टाकतो तशी पावलं. काहींनी कठडा धरलाय. आणि सगळ्यांची डोकी एकदम डावीकडे जातात, एकदम उजवीकडे येतात.

पूल हलतोय. वरखाली नाही, आडवा. मधला १४४ मीटरचा गाळा सात सेंटिमीटरपर्यंत बाजूला सरकतोय. दोन दिवसांत, १२ जूनला, पूल बंद करावा लागला.

(पडद्यावर: कोरी वही, पेन्सिल.)

पुलाची रचना करणाऱ्या आरुप कंपनीचे अभियंते कारण शोधायला बसले. पॅट डॅलर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढे हा सगळा शोध सविस्तर प्रसिद्ध केला. त्याच्या मुळाशी आहे एक विकलक समीकरण, अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनी कधी ना कधी सोडवलेलं.

```
M x'' + C x' + K x = F(t)
```

x म्हणजे पूल जागेवरून किती सरकला ते अंतर. x' हा त्या सरकण्याचा वेग, x'' हे त्वरण. M हे हलणारं वस्तुमान. K हा ताठरपणा, पुलाला परत मध्यावर खेचणारा. C हे अवमंदन, म्हणजे डॅम्पिंग. ते वेगाला विरोध करतं आणि हालचाल हळूहळू जिरवून टाकतं. उजवीकडे F, बाहेरून लागणारं बल. इथे ते माणसांच्या पावलांचं.

चालताना आपण सेकंदाला साधारण दोन पावलं टाकतो. डावं पाऊल पुलाला एका बाजूला ढकलतं, उजवं दुसऱ्या. म्हणजे आडव्या धक्क्याचं एक आवर्तन सेकंदाला एकदा. हा धक्का अगदी किरकोळ असतो, साधारण २५ न्यूटन. अडीच किलो तांदळाच्या पिशवीच्या वजनाइतका. त्या काळच्या ब्रिटिश मानकात वरखाली हलण्याचा हिशेब होता, या आडव्या धक्क्याचा नव्हता.

पुस्तकातला अनुनाद सांगतो की धक्क्यांची वारंवारता आणि पुलाची स्वाभाविक वारंवारता जुळली की हालचाल वाढते. मिलेनियम पुलाच्या काही आडव्या वारंवारता सेकंदाला एकच्या आसपास होत्याच. म्हटलं तर कोडं सुटलं.

पण सुटलं नव्हतं. मधल्या गाळ्याची सगळ्यात खालची आडवी वारंवारता सेकंदाला अर्धं आवर्तन होती, आणि त्या लयीतही पूल हलला होता. त्या तालावर चालायचं तर सेकंदाला एकच पाऊल टाकावं लागेल. गर्दीत तरी कोण इतकं हळू चालतं? शिवाय हजारो अनोळखी माणसं कवायत केल्यासारखी एका तालात चालायला लागली कशी? सैनिक पुलावर ताल मोडून चालतात, ती गोष्ट इथे नेहमी जोडली जाते. मला ती इथे चुकीची वाटते. इथे ताल कुणी बाहेरून आणला नव्हता.

(पडद्यावर: रिकाम्या पुलाच्या उत्तरेकडच्या गाळ्यावर फेऱ्या मारणारी माणसं.)

डिसेंबर २००० मध्ये अभियंत्यांनी बंद पुलावर माणसं चालवली. थोडी माणसं, मग आणखी थोडी, मग आणखी. दर वेळी पूल किती हलतो ते मोजलं. दीडशेच्या वर माणसं झाली तरी पूल जवळजवळ शांत. आणि १६६ व्या माणसानंतर हालचाल एकाएकी वाढत सुटली.

हाच धागा. नुसता बाहेरचा धक्का असता, तर माणसं वाढतील तशी हालचालही थोडी थोडी वाढली असती. इथे मात्र उंबरठा होता. मोजमापातून दिसलं की माणसाचं आडवं बल पुलाच्या वेगाच्या प्रमाणात वाढतं. पूल जितका जोरात सरकतो तितका माणूस तोल सावरायला पुलाला जास्त ढकलतो, आणि सरासरीने तो ढकलतो पूल जातोय त्याच दिशेला. झोपाळा पुढे जाताना आपण त्याच दिशेला हात लावतो ना, तसंच.

आता हे बल समीकरणात घाला. N माणसं, प्रत्येकाचं बल k गुणिले वेग.

```
M x'' + C x' + K x = N k x'
M x'' + (C - N k) x' + K x = 0
```

दुसरी ओळ नीट बघा. माणसं उजव्या बाजूला राहिलीच नाहीत, ती डावीकडे येऊन अवमंदनातून वजा झाली. N वाढत जातो तसा कंस लहान होत जातो. तो धन आहे तोवर प्रत्येक हेलकावा आधीच्यापेक्षा लहान. तो ऋण झाला की प्रत्येक हेलकावा मोठा.

आकडे घालून बघू. हा मिलेनियम पूल नाही, हिशेबासाठी मानलेला पूल. हलणारं वस्तुमान दोन लाख किलो, सेकंदाला एक आवर्तन, अवमंदन ०.७ टक्के, म्हणजे हेलकावे मुळीच होऊ न देणाऱ्या अवमंदनाच्या ०.७ टक्के. C म्हणजे २ × ०.००७ × २π × वस्तुमान, येतो साधारण १७,६००. आरुपने k मोजला तो ३०० न्यूटन-सेकंद प्रति मीटर. पण माणसं गाळाभर पसरलेली असतात आणि टोकाजवळ पूल कमी हलतो, म्हणून सरासरी निम्मा धरायचा, १५०. भागाकार करा: ११७. एकशेसतरा माणसांपर्यंत पूल शांत. पुढची चार माणसं आली की गडबड.

(पडद्यावर: पुलाखालून दिसणारे व्ही आकाराचे पोलादी सांगाडे.)

उपायही त्याच ओळीत दिसतो. K वाढवून पूल ताठ करता आला असता. पण वारंवारता K च्या वर्गमुळाने वाढते. अर्ध्याची दीड करायची, म्हणजे तिप्पट, तर ताठरपणा नऊपट हवा. मग या पुलाची ती बारीक, चपटी देहयष्टीच गेली असती. गर्दीवर बंधन घालणं हा उपाय नव्हे. उरला C.

पुलाखाली ३७ द्रव-अवमंदक बसवले. नळकांड्यात घट्ट द्रव, त्यात दट्ट्या. दट्ट्या जितक्या वेगाने सरकतो तितका द्रव त्याला अडवतो. म्हणजे माणसाने वेगाच्या प्रमाणात जे दिलं, तेच हा वेगाच्या प्रमाणात काढून घेतो. सोबत जुळवलेल्या वस्तुमानांचे अवमंदकही लावले, म्हणजे पुलाच्या उलट डुलून हालचाल जिरवणारी वजनं. खर्च साधारण ५० लाख पौंड. अवमंदन एक टक्क्याच्या आतून १५ ते २० टक्क्यांवर गेलं. आपल्या मानलेल्या पुलाला २० टक्के दिले, तर उंबरठा तीन हजारांच्या पुढे जातो.

एक गोष्ट मात्र या समीकरणात नाही: माणूस नेमका असं का ढकलतो. k मोजलेला आहे, सिद्ध केलेला नाही. आधी समजूत होती की माणसं पुलाच्या तालाशी पाऊल जुळवतात. पुढे २००९ मध्ये जॉन मॅकडोनाल्ड यांनी दाखवलं की ताल जुळला नाही तरी, नुसतं तोल सावरायला पाऊल थोडं इकडेतिकडे टाकण्यातूनही, पुलाला ऊर्जा मिळू शकते. सेकंदाला अर्ध्या आवर्तनाचं ते अडलेलं कोडं या वाटेने सुटतं.

(पडद्यावर: जानेवारी २००२, पुलावर गर्दी.)

३० जानेवारी २००२. पुन्हा दोन हजार माणसं पुलावर चालवली. पूल शांत राहिला. २२ फेब्रुवारीला तो परत खुला झाला.

(पडद्यावर: चालणाऱ्यांचे पाय, जवळून.)

आता पुन्हा पाय बघा. जवळजवळ पडतायत. कठड्यावर हात आहेत, पण ते नदी बघायला थांबलेल्यांचे.