दौऱ्याच्या भत्त्यातून उरलेले पैसे करपात्र असतात का?

नमस्कार. कार्यालयीन दौऱ्यावरून परतल्यानंतर आपण टीए-डीएचे बिल भरतो, पैसे खात्यात जमा होतात आणि बहुतेक जण तो विषय तिथेच संपला असे समजतात. प्रवास भत्ता आणि दैनिक भत्ता करमुक्त असतो, हे वाक्य इतक्या वेळा ऐकलेले असते की त्याचा उत्तरार्ध कोणी वाचतच नाही. आज मी त्या उत्तरार्धाविषयीच बोलणार आहे, कारण पगाराच्या हिशेबात मला सर्वाधिक चुका तिथेच दिसल्या आहेत.

आधी एका शब्दाचा घोळ दूर करतो. डीए म्हणजे महागाई भत्ताही असतो आणि दैनिक भत्ताही असतो. महागाई भत्ता हा पगाराचाच भाग असून तो पूर्णपणे करपात्र आहे. आपला विषय आहे तो दुसरा डीए, म्हणजे नेहमीच्या कामाच्या ठिकाणापासून दूर राहावे लागल्यामुळे होणाऱ्या रोजच्या साध्या खर्चासाठी, जेवणखाण आणि किरकोळ फिरणे यांसाठी, मिळणारी रक्कम.

आयकर कायदा १९६१ च्या कलम १० (१४) मधील पहिल्या उपखंडात आणि त्याला जोडलेल्या नियम २ बीबीमध्ये तीन भत्ते शेजारी शेजारी येतात: दौऱ्याच्या किंवा बदलीच्या प्रवासखर्चासाठीचा भत्ता, दैनिक भत्ता, आणि कामासाठी फिरावे लागते म्हणून दिलेला वाहन भत्ता. वाहन भत्त्याला मात्र मालकाने मोफत वाहन दिलेले नसावे अशी अट आहे. या तिघांना करमाफी आहे, पण ती मिळालेल्या रकमेला नाही. कर्तव्य पार पाडण्यासाठी संपूर्णपणे, अपरिहार्यपणे आणि केवळ त्याच कारणासाठी जेवढा खर्च प्रत्यक्षात झाला, तेवढ्याच रकमेला ती आहे. कायद्यात रोजची कोणतीही कमाल मर्यादा सांगितलेली नाही. त्यामुळे कंपनीच्या धोरणातला दर म्हणजेच करमुक्त दर, ही समजूत चुकीची आहे. दर पंधराशे असला आणि खर्च हजार झाला, तर उरलेले पाचशे रुपये पगारातील उत्पन्न ठरतात.

प्रतिपूर्तीची गोष्ट वेगळी आहे. तुम्ही स्वतःच्या खिशातून रेल्वेचे तिकीट काढले, हॉटेलचे बिल भरले, ती बिले लेखा विभागाला दिली आणि तेवढीच रक्कम परत मिळाली, तर तुमच्याकडे काहीच उरत नाही. कंपनीचा खर्च तुम्ही काही दिवस उचलून धरला, इतकेच. ते उत्पन्न नसल्यामुळे करमाफीच्या कलमापर्यंत जाण्याची गरजच पडत नाही. दौऱ्यापूर्वी घेतलेल्या आगाऊ रकमेलाही हेच लागू होते. शिल्लक परत केली तर प्रश्न उरत नाही, आणि ती तुमच्याकडेच राहू दिली गेली तर ती उरलेल्या भत्त्याप्रमाणेच मोजायची.

आता एक उदाहरण पूर्ण सोडवू. पुण्यातील एक कर्मचारी रविवारी रात्रीच्या गाडीने निघून सोमवारी सकाळी नागपूरला पोहोचतो. त्याचे काम सोमवार ते शुक्रवार आहे. शुक्रवारी संध्याकाळी काम संपते, तरी तो शनिवार-रविवार तिथेच थांबतो, कारण पत्नीही सोबत आली आहे, आणि दोघे रविवारी रात्री परत निघतात. कंपनी हॉटेलच्या सहा रात्रींचे बिल भरते, प्रति रात्र २,४०० रुपये. दैनिक भत्ता १,५०० रुपये दराने सात दिवसांचा दिला जातो. पत्नीचे जाण्यायेण्याचे २,२०० रुपयांचे तिकीटही कंपनीच्याच बिलात गेले आहे.

कामाच्या पाच दिवसांचा भत्ता ७,५०० रुपये होतो. कर्मचाऱ्याच्या टिपणानुसार जेवण आणि रिक्षा मिळून ५,४०० रुपये खर्च झाले, तेवढे करमुक्त, आणि उरलेले २,१०० करपात्र. शनिवार-रविवारच्या ३,००० रुपयांना मात्र करमाफी मिळत नाही, आणि ते पैसे पूर्ण खर्च झाले असले तरी फरक पडत नाही, कारण त्या दोन दिवसांत तो कर्तव्यासाठी बाहेर नव्हता.

हॉटेलच्या बाबतीत नियम ३ लागू होतो. कार्यालयीन दौरा सुट्टीसाठी लांबवला, तर त्या वाढीव काळाचा खर्च पर्क्विझिट, म्हणजे पगारासोबत मिळालेली करपात्र सुविधा, ठरतो. सोमवार ते गुरुवार या चार रात्री कामाच्या होत्या, तर शुक्रवार आणि शनिवारच्या दोन रात्रींचे ४,८०० रुपये करपात्र होतात. त्याचे स्वतःचे परतीचे तिकीट यात येत नाही, कारण कामासाठी गेलेल्या माणसाला परत यावेच लागले असते आणि नियम फक्त वाढीव काळाच्या खर्चापुरता मर्यादित आहे. पत्नीचे तिकीट मात्र पूर्ण करपात्र आहे. दौऱ्यावर सोबत आलेल्या कुटुंबीयांचा खर्च मालकाने केला, तर तो याच नियमाखाली मोजला जातो.

(पडद्यावर बेरीज: २,१०० + ३,००० + ४,८०० + २,२०० = १२,१००)

म्हणजे एका दौऱ्यातून १२,१०० रुपयांचे करपात्र उत्पन्न निघाले. कर्मचारी वीस टक्क्यांच्या टप्प्यात असेल, तर चार टक्के उपकरासह सुमारे २,५१७ रुपये कर होतो. रक्कम मोठी नाही, पण महिन्यातून दोनदा दौरा करणाऱ्याच्या वर्षाच्या हिशेबात ती नक्कीच जाणवते.

नवी करप्रणाली निवडली की हे भत्ते करपात्र होतात, अशी भीती मला अनेकांनी बोलून दाखवली आहे. ती खरी नाही. घरभाडे भत्त्याची सूट नव्या प्रणालीत जाते, पण नियम २ बीबीमधील हे तीन भत्ते तिथेही त्याच अटींवर करमुक्त राहतात. प्रमाणित वजावट, नव्या प्रणालीत ७५,००० आणि जुन्या प्रणालीत ५०,००० रुपये, ही वेगळी मिळते, तिचा या भत्त्यांशी काही संबंध नाही. पगारपत्रकावर दरमहा ठरावीक दिसणारा, घर ते कार्यालय येण्याजाण्यासाठीचा ट्रान्सपोर्ट भत्ता मात्र यात गणू नका. त्याची दरमहा १,६०० रुपयांची सूट २०१८-१९ या आर्थिक वर्षापासून बंद झाली. काही दिव्यांग कर्मचाऱ्यांसाठी ३,२०० रुपयांची सूट तेवढी उरली. नावात प्रवास आहे म्हणून तो दौऱ्याचा भत्ता होत नाही.

पुराव्याविषयी थोडे सविस्तर बोलतो. कंपनी दैनिक भत्त्याची बिले मागत नाही, हे खरे असले तरी त्यामुळे प्रत्यक्ष खर्चाची अट नाहीशी होत नाही. आयकर विभागाने विचारणा केली, तर खर्च दाखवण्याची जबाबदारी करमाफी घेणाऱ्यावर, म्हणजे तुमच्यावर येते. रिक्षाचे आणि चहाचे बिल कोणाकडेच नसते, पण त्या त्या दिवशी लिहिलेले टिपण असू शकते: तारीख, ठिकाण, कशासाठी, किती. त्याला दौऱ्याचा आदेश, तिकीट, हॉटेलचे बिल आणि यूपीआयच्या नोंदी जुळल्या की ते टिपण विश्वासार्ह ठरते. वर्षाअखेरीस एका बैठकीत बनवलेली, रोज नेमका दराएवढाच खर्च दाखवणारी यादी पाहणाऱ्याला लगेच ओळखू येते.

शेवटी फॉर्म १६ तपासा. पुष्कळ कंपन्या दौऱ्याचे पैसे पगाराच्या हिशेबात न आणता थेट खर्चखात्यात टाकतात, त्यामुळे उरलेली रक्कम त्यात दिसतच नाही. तसे असेल, तर ती रक्कम विवरणपत्रात पगाराच्या उत्पन्नात तुम्हालाच मिळवावी लागते. याउलट कंपनीने पूर्ण भत्ता करपात्र पगारात धरला असेल, तर प्रत्यक्ष खर्चापुरती सूट विवरणपत्रात कलम १० (१४) खाली मागता येते. मी सांगितलेली कलमे १९६१ च्या कायद्यातील आहेत आणि ती २०२५-२६ या आर्थिक वर्षाच्या उत्पन्नापर्यंत लागू आहेत. १ एप्रिल २०२६ पासून आयकर कायदा २०२५ लागू होत असल्यामुळे त्यानंतरच्या दौऱ्यांसाठी कलमांचे क्रमांक नव्या कायद्यातून पाहावेत.