व्हिडिओच्या खाली काय लिहायचं? सीईटी आणि कॅपवर व्हिडिओ करणाऱ्यांसाठी

नमस्कार मंडळी. आज मी बोलणारे त्या लोकांशी जे इंजिनिअरिंग ऍडमिशनवर व्हिडिओ करतात. तालुक्याच्या गावातले शिक्षक असतील, क्लासवाले असतील, किंवा गेल्या वर्षी स्वतः ऍडमिशन घेऊन आता धाकट्या भावंडांना समजावून सांगणारी मुलं असतील. व्हिडिओत काय बोलायचं ते तुम्हाला चांगलं माहितीये. पण व्हिडिओच्या बाहेर जे लिहिलं जातं, म्हणजे टायटल, खालचं डिस्क्रिप्शन, चॅप्टर्स, टॅग्ज, ज्याला मेटाडेटा म्हणतात, ते बऱ्याचदा शेवटच्या पाच मिनिटात घाईघाईत उरकलं जातं, आणि मुलं तर आधी तेच वाचतात, कितीतरी जण फक्त तेवढंच वाचून ऑप्शन फॉर्म भरायला बसतात.

एकच उदाहरण धरून चालूया. समजा तुम्ही व्हिडिओ केलाय, एमएचटी सीईटीचा रिझल्ट लागल्यापासून कॉलेजात ऍडमिशन पक्कं होईपर्यंत काय काय होतं, आणि वर्ष आहे २०२५-२६.

पहिलं टायटल. यूट्यूब शंभर अक्षरं देतं, पण मोबाईलवर शोधताना त्यातली सुरुवातीचीच दिसतात, बाकीची कापली जातात. म्हणून तीन गोष्टी पुढे हव्यात: कुठली परीक्षा, कुठला टप्पा, कुठलं वर्ष. आपली मुलं शोधताना इंग्रजी अक्षरंच टाईप करतात, त्यामुळे टायटल असं चालेल: MHT CET CAP 2025-26, रिझल्टनंतर ऑप्शन फॉर्म ते ऍडमिशन. झालं. त्यात "९० पर्सेंटाइलला टॉप कॉलेज पक्कं" असलं काही नको, कारण ते खरं नाही आणि ते खरं का नाही हे तुम्ही आत व्हिडिओत स्वतःच सांगताय.

वर्षाचं मी एवढं का लावून धरते ते सांगते. इंजिनिअरिंगच्या कॅपचे राउंड २०२४ ला तीन होते, २०२५ ला चार झाले. आणि ऑटो फ्रीझचा नियमही बदलला. आधी पहिला ऑप्शन मिळाला की सीट फ्रीझ व्हायची. २०२५ ला पहिल्या राउंडला पहिला ऑप्शन, दुसऱ्या राउंडला पहिल्या तीनपैकी कुठलाही, तिसऱ्या राउंडला पहिल्या सहापैकी कुठलाही मिळाला तर सीट आपोआप फ्रीझ, म्हणजे पुढच्या राउंडला जाता येत नाही, तीच घ्यायची. आता जुना व्हिडिओ बघून एखाद्या मुलीनं दुसऱ्या क्रमांकाला मनात नसलेलं कॉलेज "असू दे एक" म्हणून टाकलं आणि दुसऱ्या राउंडला तेच लागलं, तर ती तिथेच अडकली. आणि होतं असं की काही चॅनेलवाले जून आला की जुन्या व्हिडिओच्या टायटलमधलं २०२४ खोडून २०२५ करतात, आतला व्हिडिओ तोच. हे मात्र कृपा करून करू नका हो. जुना व्हिडिओ ठेवायचा असेल तर टायटलमध्ये वर्ष जुनंच राहू द्या आणि पहिल्या ओळीत लिहा की हा त्या वर्षाच्या नियमांवर आहे, नवा व्हिडिओ इथे बघा.

आता डिस्क्रिप्शन. जागा पाच हजार अक्षरांची आहे, पण उघडण्याआधी वरच्या दोनेक ओळीच दिसतात. लोक काय करतात, त्या दोन ओळीत "सबस्क्राईब करा, टेलिग्राम जॉईन करा" टाकतात आणि खरी सूचना पार तळाला. उलटं करा. वरच्या दोन ओळी अशा लिहा: "ही माहिती २०२५-२६ च्या इंजिनिअरिंग कॅपसाठी आहे, बदल झाला तर सीईटी सेलची नोटीस बघा. यातले कटऑफ २०२४ च्या पहिल्या राउंडचे आहेत, त्यावरून यंदाची सीट पक्की धरू नका." बास, एवढं वाचून व्हिडिओ न बघता गेला तरी मुलगा चुकीचं काही घेऊन जात नाही.

आणि ती "पक्की धरू नका" ओळ नुसती अंग काढून घेण्यासाठी लिहू नका, खाली दोन-तीन वाक्यात कारण द्या. मी सांगते कसं. सीईटीचा पर्सेंटाइल म्हणजे टक्के नाहीत, तुमच्या शिफ्टमध्ये किती टक्के मुलांचे मार्क तुमच्याएवढे किंवा कमी आहेत तो आकडा. सोप्या हिशोबाला सगळे मिळून धरूया. समजा एका वर्षी तीन लाख मुलं बसली तर ९५ पर्सेंटाइलच्या वर साधारण पंधरा हजार मुलं. पुढच्या वर्षी चार लाख बसली तर त्याच ९५ च्या वर वीस हजार. पर्सेंटाइल तोच, पुढे उभी मुलं पाच हजारांनी जास्त. सीट तेवढ्याच असल्या तर गेल्या वर्षी ९५ ला मिळालेलं कॉलेज यंदा ९५ ला मिळेलच असं नाही. वर सीटही कमीजास्त होतात, एखाद्या कॉलेजात कॉम्प्युटरची नवी तुकडी येते, कटऑफ खाली येतो. म्हणून डिस्क्रिप्शनमध्ये लिहा की कॅपच्या कटऑफच्या यादीत पर्सेंटाइलबरोबर मेरिट नंबरही दिलेला असतो, स्वतःचा मेरिट नंबर त्याच्याशी ताडून बघा. तोही अंदाजच, पण पर्सेंटाइलपेक्षा बरा अंदाज.

दुसरी सूचना कॅटेगरी आणि सीटच्या प्रकाराची. व्हिडिओत आपण सहज म्हणून जातो "या कॉलेजचा कटऑफ ९६", पण तो कोणाचा? यादीत GOPENH, LOPENH, GOPENO, GOPENS असे कोड असतात. शेवटचं H म्हणजे होम युनिव्हर्सिटीची सीट, O म्हणजे बाहेरच्या युनिव्हर्सिटीच्या मुलांची, S म्हणजे राज्य पातळीवरची, आणि पुढचं L म्हणजे मुलींसाठी राखीव. नांदेडहून बारावी झालेल्या मुलीला पुण्यातल्या कॉलेजचा GOPENH चा आकडा दाखवून काय उपयोग, तिची होम युनिव्हर्सिटी वेगळी, तिला O च्या ओळी बघायच्यात. काही संस्थांना H आणि O नसतंच, नुसतं S असतं. मग डिस्क्रिप्शनमध्ये एक ओळ टाका, "व्हिडिओतले सगळे आकडे पुण्याच्या कॉलेजांचे, GOPENH चे आहेत, तुमची होम युनिव्हर्सिटी दुसरी असेल तर वेगळी ओळ बघा." हे लिहिल्यावर व्ह्यूज कमी होतील असं एकजण मला म्हणाला. होतील कदाचित, पण ज्याला लागू नाही त्यानं बघूच नये ना तो व्हिडिओ.

चॅप्टर्स. यूट्यूबला ते चालायला पहिली वेळ 00:00 लागते, निदान तीन चॅप्टर लागतात, वेळा चढत्या क्रमाने, आणि प्रत्येक चॅप्टर दहा सेकंदाचा तरी हवा. यातलं एक चुकलं तर पट्टीवर भाग पडतच नाहीत. आपल्या व्हिडिओचे असे होतील, वाचून दाखवते:

```
00:00 हा व्हिडिओ कोणासाठी, कुठल्या वर्षाचा
01:10 सीईटी दिली तरी कॅपचं रजिस्ट्रेशन वेगळं
03:25 कागदपत्रं तपासणी
06:40 कच्ची मेरिट लिस्ट, तक्रार, पक्की लिस्ट
08:15 ऑप्शन फॉर्म आणि ऑटो फ्रीझ
13:30 सीट लागली, आता काय
16:05 कटऑफवरून काय कळत नाही
```

बघा, नावं टप्प्यांची आहेत. दुसऱ्या चॅप्टरला "रजिस्ट्रेशन" एवढंच लिहून चाललं असतं, पण कितीतरी घरात असं वाटतं की सीईटीचा फॉर्म भरला म्हणजे ऍडमिशनचा भरला, आणि कॅपची तारीख निघून जाते. म्हणून चॅप्टरच्या नावातच ते सांगितलं. कागदपत्रांच्या चॅप्टरखाली डिस्क्रिप्शनमध्ये जातपडताळणी आणि नॉन क्रिमिलेयरचं स्वतंत्र लिहा, कारण ती वेळेत नसली तर मुलगा ओपनमध्ये जातो आणि मग त्यानं बघून ठेवलेले सगळे कटऑफ बदलतात. आणि शेवटच्या चॅप्टरचं नाव "डिस्क्लेमर" असं ठेवू नका, त्यावर कोणी बोट ठेवत नाही. "कटऑफवरून काय कळत नाही" म्हटलं की आईवडीलसुद्धा उघडून बघतात.

टॅग्जवर फार डोकं घालू नका. यूट्यूब स्वतःच सांगतं की टॅग्जचा शोधात फारसा वाटा नसतो, स्पेलिंग चुकवून टाईप करणाऱ्यांसाठी तेवढा उपयोग. व्हिडिओत जेईई नाही, नीट नाही, तर ते टॅग टाकू नका. हॅशटॅगही दोन-तीन पुरे.

आता निकालाच्या दाव्यांबद्दल. "आमच्या मार्गदर्शनाने इतक्या मुलांना ऍडमिशन" असं लिहिताना थांबा जरा. ज्यांना मिळालं ते कमेंट करतात, पेढे घेऊन येतात, ज्यांना नाही मिळालं ते काही बोलत नाहीत, त्यामुळे तुमच्याकडे मोजायला निम्मीच बाजू असते. शिवाय सीट त्याला त्याच्या मेरिट नंबरने लागली, तुम्ही फॉर्म नीट भरायला शिकवलात, तेवढंच लिहा, ते काही कमी नाही. क्लास चालवणाऱ्यांसाठी तर केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाची नोव्हेंबर २०२४ ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत, त्यात ऍडमिशनची गॅरंटी देणं, निवडीचे खोटे दावे करणं याला बंदी आहे, आणि यशस्वी मुलाचं नाव, फोटो वापरायचा तर त्याची लेखी संमती लागते. आणि तुम्ही पैसे घेऊन ऑप्शन फॉर्म भरून देत असाल तर तेही वरच्याच भागात स्पष्ट लिहा, बघणाऱ्याला कळू दे की हा माणूस फी घेतो, मग तो तुमचा सल्ला त्या हिशोबानं ऐकेल.

एक सोय मात्र लक्षात ठेवा. व्हिडिओत बोललेलं वाक्य अपलोड झाल्यावर बदलता येत नाही, डिस्क्रिप्शन मात्र कधीही बदलता येतं. कॅप चालू असताना सीईटी सेल तारीख पुढे ढकलतं, कधी सुधारित वेळापत्रक येतं. त्या दिवशी पहिली ओळ बदला, पुढे बदलल्याची तारीख टाका, आणि तेच पिन केलेल्या कमेंटमध्ये पण लिहा, कारण बरेच जण डिस्क्रिप्शन उघडत नाहीत पण कमेंट बघतात. जुनी ओळ पुसून टाकू नका, "आधी अमुक तारीख सांगितली होती, आता अमुक" असं राहू द्या, म्हणजे आधी बघून गेलेला परत आला तर त्याला कळतं नेमकं काय बदललं.

आणि राउंड चालू असताना रोज रात्री कमेंट वाचा. "मॅडम ९१ ला पुण्यात आयटी मिळेल का" अशी कमेंट आली तर नुसतं "ट्राय करा" लिहू नका, त्याला मेरिट नंबर, कॅटेगरी आणि बारावी कुठून झाली ते विचारा. असाच प्रश्न पाच-सहा जणांनी विचारला तर समजा की डिस्क्रिप्शनच्या वरच्या दोन ओळीत ते तीन शब्द अजून आलेले नाहीत, आणि त्याच रात्री टाकून द्या. नमस्कार.