लाकडी महिरप : पट्ट्या वाकवून, चिकटवून

(सांगली येथे सुतारकाम करणारे कारागीर आणि वास्तुशास्त्राचे विद्यार्थी यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

सभ्य बंधुभगिनींनो,

वाईकडच्या किंवा मेणवलीच्या जुन्या वाड्यांत सुरूच्या खांबांमधल्या लाकडी महिरपी आपण सर्वांनी पाहिल्या आहेत. जाड फळीतून आकार कापून, त्यावर कोरीव काम करून आणि तुकडे एकमेकांना सांधून अशी कमान करता येते, आणि वरचा भार तुळई पेलत असेल तर ती टिकतेही. आज मला बोलायचे आहे ते वेगळ्या कमानीबद्दल. तीन फुटी दाराच्या डोक्यावर अर्धवर्तुळाकार चौकट बसवायची आहे, तिची जाडी जेमतेम दीड इंच आहे आणि तिला दाराच्या वरच्या झडपेचे बिजागर व हिसके सोसायचे आहेत. ही चौकट फळीतून कापली, तर तिच्या दुबळेपणाचे कारण लाकडातच असते. लाकडाचे तंतू सरळ धावतात आणि आपण कापतो ती रेषा वळते. तीन तुकड्यांत अर्धवर्तुळ केले, तर प्रत्येक तुकडा साठ अंशांचा होतो आणि त्याच्या दोन्ही टोकांशी तंतू चौकटीच्या दिशेशी तीस अंश तिरके पडतात. लाकूड तंतूंच्या लांबीत बळकट असते आणि आडवे सहज चिरते, त्यामुळे अशा चौकटीला तडा जातो तो नेमका त्या टोकांशी, सांध्याच्या शेजारी. तंतूच वळणाबरोबर वळवले, तर हा प्रश्न उरत नाही. त्यासाठी लाकडाच्या पातळ पट्ट्या करून, त्या फर्म्यावर वाकवून एकमेकींना चिकटवायच्या.

या कामाचे सारे मर्म एका गोष्टीत आहे. शंभर पानी वही हातात धरून वाकवा आणि तिची मोकळी कड पाहा. पाने एकमेकांवरून सरकतात आणि कड तिरपी होते. आपल्या पट्ट्यांचेही हेच होते. आतली त्रिज्या ४५० मिमी आणि जाडी ३६ मिमी धरली, तर अर्धवर्तुळाची आतली लांबी सुमारे १४१४ मिमी आणि बाहेरची सुमारे १५२७ मिमी येते. हा ११३ मिमीचा फरक अखंड लाकडाला स्वतः ताणून आणि दाबून भरून काढावा लागला असता, आणि कोरड्या सागाला ते शक्य नाही. पट्ट्या मोकळ्या असतात तेव्हा त्या हा फरक सरकून भरून काढतात. सरकून झाल्यावर त्याच जागी गोंद त्यांना धरतो आणि पुन्हा मागे सरकू देत नाही. कमानीचा आकार टिकतो तो केवळ या अडवलेल्या सरकण्यामुळे. पुढचा प्रत्येक निर्णय, म्हणजे पट्टीची जाडी किती, गोंद कोणता आणि शिकंजे कोठून कसायचे, हा यातूनच निघतो.

प्रथम जाडी पाहू. आपल्याकडे सुतार माप सुतात सांगतात. एक सूत म्हणजे सव्वातीन मिलिमीटरच्या किंचित आत, आणि आपल्या चौकटीला एक सुती, रंधून ३ मिमी झालेली पट्टी योग्य आहे. अशा बारा पट्ट्यांनी ३६ मिमी भरतात. दोन सुती पट्ट्या घेऊन सहांत काम का उरकू नये, असा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. पट्टीचा ताठपणा जाडीच्या घनाने वाढतो, म्हणून दुप्पट जाड पट्टी वाकवायला आठपट जोर लागतो. पट्ट्यांची संख्या निम्मी झाली तरी एकूण जोर चौपट राहतो, आणि ४५० मिमीच्या वळणावर ६ मिमीची कोरडी पट्टी एखाद्या तिरक्या धाग्यापाशी फुटण्याची भीती असते.

याहून मोठा फरक पडतो तो शिकंजे सोडल्यानंतर. प्रत्येक पट्टी सरळ होऊ पाहत असते, म्हणून सुटलेली कमान थोडी उघडतेच. गोंद पक्का असेल, तर पट्ट्यांच्या संख्येचा वर्ग करून त्याने एकाला भागावे, तेवढ्या अंशाने वक्रता कमी होते. बारा पट्ट्यांना हा अंश एकशेचव्वेचाळिसावा, तर सहा पट्ट्यांना छत्तिसावा येतो. आपल्या कमानीत याचा अर्थ असा, की बारा पट्ट्यांची कमान सोडल्यावर दोन पायांमधले ९०० मिमी अंतर सुमारे ६ मिमीने वाढेल आणि सहा पट्ट्यांची कमान सुमारे २५ मिमीने पसरेल. सहा मिलिमीटरची सोय फर्म्यातच करता येते. फर्मा ४५० ऐवजी ४४७ मिमी त्रिज्येचा करावा, म्हणजे सुटून कमान मापावर येते.

पट्ट्या काढताना लाकूड बरेच जाते, हे आधीच सांगितले पाहिजे. जाड पात्याच्या गोल करवतीने ३ मिमीची पट्टी काढली, तर जवळजवळ पट्टीइतकाच भुसा पडतो. पट्टा करवतीने हे नुकसान पुष्कळ कमी होते, म्हणून मी तिनेच पावणेचार मिमीच्या पट्ट्या चिरून त्या रंधून ३ मिमीवर आणतो. फळी गाठीविरहित आणि सरळ धाग्याचीच हवी. चिरण्यापूर्वी फळीच्या कडेवर पेन्सिलीने एक लांब तिरकी रेघ ओढून ठेवावी. पट्ट्या वेगळ्या झाल्यावर त्या रेघेचे तुकडे पुन्हा जुळवले, की पट्ट्या फळीत होत्या त्याच क्रमाने लागतात आणि तयार कमान एकाच लाकडाची दिसते. लांबी १७५० मिमी ठेवावी. दोन्ही टोकांना शंभर-शंभर मिलिमीटर जास्तीचे लाकूड असणे का आवश्यक आहे, ते शेवटी येईल.

फर्मा १८ मिमीच्या प्लायचे चार थर एकावर एक बसवून करावा आणि त्याची कड तळाशी अगदी काटकोनात ठेवावी, कारण तिथली तिरपी कड कमानीत पीळ होऊन उतरते. कडेपासून सहा-सात सेंटिमीटर आत, वळणाला समांतर, शिकंज्याचा जबडा जाईल एवढी भोके पाडावीत. कडेवर खोकी बंद करण्याची चिकटपट्टी लावावी, म्हणजे कमान फर्म्याला चिकटणार नाही. बाहेरून दाब समान पसरावा म्हणून ३ मिमी प्लायच्या दोन मोकळ्या पट्ट्या, त्याही अशाच गुंडाळून, शिकंज्याखाली घ्याव्यात.

आता गोंद. सुतारगल्लीत नेहमी वापरतात तो पांढरा गोंद चांगला आहे, पण या कामात त्याचे दोन दोष आहेत. एक म्हणजे तो सुकल्यावरही किंचित लवचिक राहतो. कमानीतल्या पट्ट्या सतत मागे सरकू पाहत असतात, त्यांचा जोर दिवसरात्र गोंदाच्या थरावर असतो, आणि असा गोंद महिनोन्‌महिने हळूहळू हार खातो. कमान फुटत नाही, पण उघडत जाते आणि मग झडप चौकटीत बसेनाशी होते. दुसरा दोष आपल्या हवेशी जोडलेला आहे. सांगलीत एप्रिल-मे महिन्यांत दुपारी चाळीस अंशांच्या आसपासच्या उन्हात या गोंदावर काही मिनिटांतच साय धरते, आणि आपल्याला तर बारा पट्ट्यांमधले अकरा थर लावून शिकंजे कसायचे असतात. म्हणून मी मंद हार्डनर घातलेला इपॉक्सी किंवा पाण्यात कालवून वापरायचा युरिया फॉर्मल्डिहाइड गोंद सुचवतो. दोन्ही कडक होतात आणि सरकू देत नाहीत. युरियाचा गोंद पोकळी भरत नाही, त्याचा जाड थर ठिसूळ होतो, म्हणून पट्ट्या एकमेकींवर चपखल बसल्याच पाहिजेत. तो वापरताना खिडक्या उघड्या ठेवाव्यात, आणि सुकल्यावर घासताना तोंडावर मास्क बांधावा. उन्हाळ्यात काम पहाटेच करावे, कारण उष्णतेने हे गोंदही लवकर घट्ट होतात.

सागाच्या अंगी तेल असते, आणि रंधल्यावर जसजसा वेळ जातो तसतसे ते पृष्ठभागावर येते. म्हणून पट्ट्या रंधून त्याच दिवशी चिकटवाव्यात आणि गोंद लावण्याच्या आधी ॲसिटोनच्या फडक्याने पुसून घ्याव्यात.

गोंद उघडण्यापूर्वी एकदा सगळ्या पट्ट्या कोरड्याच वाकवून, सर्व शिकंजे कसून पाहाव्यात. फुटणारी पट्टी इथेच फुटते. प्रत्यक्ष कसताना पहिला शिकंजा कमानीच्या माथ्यावर लावावा आणि तिथून दोन्ही बाजूंनी आळीपाळीने खाली यावे. दोन्ही टोके आधी आवळली, तर मधली सैल जागा निघायला वाट राहत नाही, पट्ट्यांना सरकता येत नाही आणि माथ्याशी पोकळी अडकते. शिकंज्यांमध्ये आठ-दहा सेंटिमीटरपेक्षा जास्त अंतर नको, म्हणजे या कमानीला दीड डझन तरी लागतील. कसताना प्रत्येक सांध्यातून गोंदाचे बारीक थेंब अखंड ओळीने बाहेर आले पाहिजेत. जिथे ओळ तुटते, तिथे दाब किंवा गोंद कमी पडलेला असतो. कसून झाल्यावर एक दिवस हात लावू नये. गोंद पाण्यातला असेल, तर शिकंजे सोडल्यानंतरही आठवडाभर रंधा मारू नये. सांध्याशी लाकूड पाण्याने फुगलेले असते. तेव्हाच ते सपाट केले, तर वाळल्यावर प्रत्येक सांध्यावर उथळ चर दिसतो.

आता ती जास्तीची टोके. टोकाशी दाब सर्वांत अनिश्चित असतो आणि सांधे उलायला सुरुवात तिथूनच होते, म्हणून तो भाग कापून टाकायचाच असतो. कापलेला तुकडा मात्र फेकू नये. तो बाकावर उभा धरून त्याच्या एका सांध्यावर पटाशी ठेवावी आणि हातोडीने फोडावा. फुटलेल्या दोन्ही बाजूंवर लाकडाचे धागे उपटलेले दिसले, तर सांधा लाकडापेक्षा बळकट आहे. गोंदाचा गुळगुळीत, चकाकता थर मोकळा झाला, तर तेल पुसले गेले नव्हते किंवा गोंदावर साय धरल्यावर पट्ट्या एकत्र आल्या होत्या. अशी कमान वरून कितीही सुबक दिसली, तरी ती दारावर चढवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता राहिला पावसाळा. हवेतल्या दमटपणाने लाकूड जाडीत फुगते, लांबीत मात्र जवळजवळ नाही. कमानीची आतली आणि बाहेरची लांबी आहे तेवढीच राहते आणि मधली जाडी वाढते, त्यामुळे कमान उघडते. उन्हाळ्यात जाडी आटते आणि कमान मिटते. आपल्या ३६ मिमी जाडीत एक टक्का वाढ म्हणजे मिलिमीटरचा जेमतेम एक तृतीयांश, पण त्याने पायांमधले अंतर सुमारे ९ मिमीने वाढते. म्हणजे शिकंजे सोडताना कमान जितकी उघडते, त्यापेक्षा ऋतूने ती अधिक हलते, आणि हे अखंड लाकूड वाफेने वाकवले तरी टळत नाही. म्हणून मे महिन्यात तयार केलेली मोकळी कमान जुलैत मापून फर्मा चुकला असा निष्कर्ष काढू नये. कमान तयार झाली, की पायांना आडवी पट्टी ठोकून ती मापावर धरून ठेवावी. पॉलिश सर्व बाजूंनी, भिंतीत जाणाऱ्या पाठीलाही सारखेच द्यावे, आणि पाय उभ्या चौकटीला सांधून घट्ट होईपर्यंत ती आडवी पट्टी काढू नये.