कॉमन एमिटर अ‍ॅम्प्लिफायर: 12 व्होल्ट नक्की कुणाचे?

नमस्कार मंडळी, मागच्या व्हिडिओखाली तासगावच्या एका पोरानं विचारलंय, "सर, बेसला 11.3 घेता, कलेक्टरला 6.6 घेता, बॅटरी तर 12 ची आहे, मग हे आकडे येतात कुठनं?" असंच विचारणारे अजून बरेच आहेत, म्हणून आज एकच सर्किट घेऊन बसूया.

बेस, एमिटर, कलेक्टर तुम्हाला माहितीच आहेत, एनपीएन आहे, एमिटर खाली ग्राउंडला, झालं. आकृती बघा. वर 12 व्होल्टची सप्लाय, तिथनं RC 2.2 किलोओहम कलेक्टरला, RB 560 किलोओहम बेसला. ट्रान्झिस्टर BC547. आणि कलेक्टर-एमिटरमध्ये मीटर दाखवतोय 5.4 व्होल्ट.

आता निम्मी पोरं लगेच काय करतात, 12 भागिले 2.2, कलेक्टर करंट 5.45 मिलिअँपिअर, पुढं चला. अहो थांबा की! ते 12 व्होल्ट RC वर नाहीतच. RC चं वरचं टोक 12 ला, खालचं टोक 5.4 ला, मधला फरक 6.6. ओहमचा नियम त्याच रोधाच्या दोन टोकांतल्या फरकाला लावायचा. 6.6 भागिले 2.2, 3 मिलिअँपिअर.

मिरजेला माझ्या मामाचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं, सुट्टीत मी तिथंच पडीक असायचो. "मामा, इथं 5 व्होल्ट आलं" असं म्हटलं की मामा वर न बघताच विचारायचा, "कुठल्या दोन टोकांत?" सोल्डरिंग खाली ठेवून मीटरची काळी पिन, लाल पिन स्वतःच्या हातानं दाखवायला लावायचा. सर्किटमधला कुठलाही व्होल्ट बघितला की मी आजही आधी दोन टोकं शोधतो.

तरी पटत नसेल तर उलटीकडनं बघा. समजा RC वर खरंच पूर्ण 12 व्होल्ट पडले, तर कलेक्टरवर उरले किती? शून्य. म्हणजे ट्रान्झिस्टर पूर्ण सॅच्युरेट झाला, सिग्नल आल्यावर कलेक्टर अजून खाली जाणार कुठं? म्हणून ते 5.45 म्हणजे या सर्किटमधली कमाल मर्यादा आहे, चालू करंट नाही.

बेसला पण तोच नियम. RB चं वरचं टोक 12, खालचं टोक बेसवर, आणि सिलिकॉनमध्ये बेस एमिटरपेक्षा साधारण 0.7 नी वर असतो. फरक 11.3, भागिले 560 किलो, आला 20 मायक्रोअँपिअर. आता करंट गेन:

β = IC / IB = 3 mA / 20 µA = 150

इथं मिली आणि मायक्रो एका युनिटमध्ये आणा, 3000 भागिले 20.

व्होल्टेज गेनला मात्र दुसरा खड्डा आहे. सूत्र β गुणिले RC भागिले इनपुट रोध, आणि पोरं इनपुट रोध म्हणून RB टाकतात. करून बघा, 150 गुणिले 2.2 भागिले 560, येतं 0.59. सिग्नल वाढायच्या ऐवजी कमी झाला! सिग्नल कपॅसिटरमधनं थेट बेसला येतो, त्याच्यापुढं असतो बेस-एमिटर जंक्शनचा रोध, साधारण 25 मिलिव्होल्ट भागिले बेस करंट, म्हणजे 1.25 किलोओहम. (पेपरात "इनपुट रोध 1 किलोओहम" असं दिलेलं असेल तर तोच घ्या, हे काढत बसू नका.)

मग 1 मिलिव्होल्ट सिग्नल दिला की बेस करंट 0.8 मायक्रोनं वाढतो, कलेक्टर करंट त्याच्या 150 पट, 0.12 मिलिनं, आणि 2.2 किलोवर 264 मिलिव्होल्ट जादा पडतात. RC वर जास्त पडले म्हणजे कलेक्टर तेवढाच खाली आला, म्हणून गेन उणे 264. उणे म्हणजे सिग्नल उलटला, गेन कमी झाला असं नाही.

आता टेबलावर बघा, मी फक्त ट्रान्झिस्टर बदलतोय, हा पण BC547 च, पण याचा β 300 च्या आसपास आहे. हिशोबानं 6 मिली यायला पाहिजे, पण मर्यादा 5.45 ची. मीटर बघा, कलेक्टर 5.4 वरनं थेट 0.15 वर आला. आता IC भागिले IB केलं तर 270 च्या आसपास येईल, पण तो ट्रान्झिस्टरचा β नाही, तो RC नं अडवलेला करंट आहे. म्हणून गणित सुरू करायच्या आधी VCE बघा. 12 च्या जवळ असेल तर बेसला करंटच जात नाही, RB सुटलाय का तपासा, आणि 0.2 च्या खाली असेल तर β काढत बसू नका, RB वाढवा. मी इथं 1 मेगाओहम लावतोय... हां, आला बघा, 12 आणि 0 च्या मध्ये, साडेचारच्या वर.