सोळा किलोचा डंबेल आणि पाच किलोचा डंबेल

(दृश्य: व्यायामशाळा. एक तरुण पाच किलोचा डंबेल उचलतो. कोपर शरीराला टेकलेलं, मनगट सरळ.)

या तरुणाला सोळा किलोचा डंबेल एकदा, जेमतेम, पूर्ण वर आणता येतो. आत्ता त्याच्या हातात पाच किलो आहेत, म्हणजे त्याच्या कमाल ताकदीच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास. दोन्ही वेळा स्नायू तोच, बायसेप्स. मग दोन्ही वेळा त्या स्नायूत घडतं तरी काय?

व्यायामशाळेत एक उत्तर हमखास ऐकू येतं: हलक्या वजनाला संथ तंतू काम करतात, जड वजनाला वेगवान तंतू. यातला पहिला भाग बराचसा बरोबर आहे. दुसरा अर्धवट आहे, आणि खरी गंमत त्या राहिलेल्या अर्ध्यात आहे.

(दृश्य: मज्जारज्जूचा आडवा छेद, त्यातून निघणारे चेतातंतू.)

मेंदू कुठल्याही स्नायुतंतूला सुटा आदेश देऊ शकत नाही. मज्जारज्जूतली एक मोटर चेतापेशी आणि तिने ताब्यात ठेवलेले सगळे स्नायुतंतू मिळून एक मोटर युनिट होतं. पेशी पेटली की तिचे सगळे तंतू एकदम आकसतात; त्यातले निम्मे घ्यावेत, निम्मे ठेवावेत, अशी सोय नाही. काही युनिट लहान असतात: पेशी लहान, तंतू थोडे आणि संथ, बळ कमी, पण दमायला तयार नाहीत. काही मोठे असतात: पेशी मोठी, तंतू भरपूर आणि वेगवान, जोर दांडगा, पण लवकर थकणारे. आणि लहान युनिटांची संख्या मोठ्यांपेक्षा बरीच जास्त असते.

हार्वर्डमध्ये काम करणाऱ्या एलवुड हेनेमन यांनी 1957 मध्ये आणि नंतर 1965 च्या शोधनिबंधांच्या मालिकेत हे युनिट कुठल्या क्रमाने कामाला लागतात ते दाखवलं. प्रयोग मांजरांवर होते. मांजराच्या पायाचा स्नायू हळूहळू ताणायचा आणि मज्जारज्जूतून बाहेर पडणाऱ्या चेतामुळाच्या एका बारीक धाग्यातले विद्युत्-ठोके पडद्यावर बघायचे. जाड चेतातंतूचा ठोका उंच दिसतो, बारकाचा बुटका. ताण वाढत गेला तसे आधी बुटके ठोके उमटले, मग उंच, मग आणखी उंच. ताण सोडला तेव्हा सगळ्यात उंच ठोके आधी गप्प झाले आणि बुटके शेवटपर्यंत टिकले. लहान आधी, मोठे नंतर; बंद होताना उलट. यालाच आकार-तत्त्व म्हणतात.

(दृश्य: दोन पेशींचं रेखाचित्र, एक लहान, एक मोठी. शेजारी आकडे उमटतात.)

हा क्रम कुणी ठरवत बसत नाही. तो पेशीच्या अंगातच आहे आणि त्याचा हिशेब शाळेतल्या ओहमच्या नियमाने लागतो. लहान पेशीचं आवरण कमी, म्हणून विद्युतप्रवाहाला बाहेर निसटायला वाटा कमी, म्हणजेच तिचा रोध जास्त. समजा लहान पेशीचा रोध 3 मेगाओहम आहे, मोठीचा 1. दोघींनाही पेटायला साधारण 15 मिलिव्होल्टचा धक्का लागतो. वरून 5 नॅनोअँपिअरचा प्रवाह आला, तर लहान पेशीत 5 गुणिले 3, बरोबर 15 मिलिव्होल्ट होतात. ती पेटली. मोठीत तोच प्रवाह फक्त 5 मिलिव्होल्ट उभे करतो आणि ती शांत राहते. तिला पेटवायला तिप्पट, 15 नॅनोअँपिअर लागतील. हे आकडे समजण्यासाठी गोल केलेले आहेत, पण मांजराच्या पेशींत मोजलेली मापं याच पल्ल्यातली आहेत. मेंदूने फक्त आवाज वाढवायचा. कोण आधी उठणार ते पेशींचा आकार ठरवतो.

(दृश्य: पुन्हा डंबेल. संथ गती.)

आता पाच किलो. आदेश मध्यम आहे. लहान युनिट पेटतात, मग त्याहून थोडे मोठे, आणि वजन वर सरकतं. प्रत्येक नवं युनिट थोडंसंच बळ घालतं, म्हणून हालचाल सफाईदार राहते. मोठे युनिट स्वस्थ आहेत.

सोळा किलो उचलताना आदेश कितीतरी मोठा येतो, पण रांग तीच. लहान युनिट वगळून थेट मोठ्यांना हाक मारली जात नाही. लहान आधी पेटतात आणि पेटलेलेच राहतात, त्यांच्यावर मधले, त्यांच्यावर मोठे. हे सगळं सेकंदाच्या छोट्या अंशात उरकतं, म्हणून बाहेरून एकदम घडल्यासारखं दिसतं. तेव्हा जड वजनाला वेगवान तंतू काम करतात असं नव्हे, तर वेगवान तंतूसुद्धा काम करतात. त्या एका ‘सुद्धा’साठी मी हा सगळा खटाटोप मांडला आहे.

शिवाय प्रत्येक युनिटकडे बळ वाढवायचा दुसरा मार्ग आहे: ठोक्यांचा वेग. सुरुवातीला सेकंदाला पाच-आठ ठोके, जोर वाढला की वीस, तीस. बायसेप्समध्ये कमाल ताकदीच्या जवळजवळ 85-90 टक्क्यांपर्यंत नवे युनिट येतच राहतात. त्यापुढची वाढ निव्वळ वेगाची. अंगठा तळहाताकडे ओढणाऱ्या लहान स्नायूत मात्र अर्ध्या ताकदीच्या सुमारासच सगळे युनिट कामाला लागलेले असतात आणि उरलेली अर्धी वाट वेगाने कापली जाते.

(दृश्य: पाच किलोच, पण आता उचलीमागून उचल. चेहरा लाल, हात थरथरतो.)

हलकं वजन हलकंच राहतं असं नाही. पाच किलो न थांबता उचलत राहिलं तर कामावरचे तंतू थकतात आणि त्यांचं बळ घटतं. वजन तेवढंच आहे, म्हणून आदेश वाढवावा लागतो, आणि त्या वाढत्या आदेशाने आधी न उठलेले युनिट एकेक करून सामील होतात. शेवटच्या दोन-तीन उचलींमध्ये मोठे युनिटही ओढले जातात. हलक्या वजनाने अगदी हात उचलेनासा होईपर्यंत केलेला सेट स्नायू वाढवू शकतो, त्यामागचं एक कारण हेच. तोच सेट मध्येच, आरामात सोडला, तर मोठ्या युनिटांना व्यायाम घडलेलाच नसतो. झटक्याने उचलायला गेलात तर युनिट आणखी कमी बळाला पेटतात. क्रम मात्र सहसा तोच राहतो.

क्रम मोडतो तो बाहेरून वीज दिल्यावर. फिजिओथेरपीच्या स्टिम्युलेटरचा प्रवाह पेशीपर्यंत जात नाही, वाटेतल्या चेतातंतूलाच गाठतो. तिथे लहान-मोठ्याची रांग पाळली जात नाही. जाड तंतू बाहेरच्या विजेला लवकर दाद देतात आणि जे इलेक्ट्रोडजवळ आहेत ते आधी पेटतात. म्हणून अशा आकुंचनात स्नायू फार लवकर दमतो.

(दृश्य: ईएमजीची, म्हणजे स्नायूतले विद्युत्-ठोके तपासायची खोली. बायसेप्समध्ये बारीक सुई, शेजारी स्पीकर.)

“काका, हात थोडासाच वाकवा. अगदी हळू.”

स्पीकरमधून टक… टक… टक. हे एकच युनिट. काकांनी जरा जोर लावला की टकटक जलद होते. ती सेकंदाला दहाच्या आसपास पोचली की निरोगी स्नायूत दुसऱ्या आवाजाची टकटक सुरू झालेली असते; पंधराला साधारण तिसरी. पूर्ण जोर लावला की सुटे ठोके ओळखूच येत नाहीत, नुसता खळखळाट. चेतातंतू मेले असतील तर रांगेतले पुढचे युनिट उरलेलेच नसतात, आणि पहिलंच बिचारं वीस-वीस ठोके मारत एकटं धावत राहतं. आजार स्नायूचाच असेल तर उलट घडतं: युनिट आहेत पण प्रत्येकाचं बळ तुटपुंजं, म्हणून किंचित जोरालाच भराभर सगळे पुढे येतात. हात दोघांचाही कमजोरच असतो. त्या कमजोरीचं मूळ कुठे आहे, हे डॉक्टर असं कानाने ताडतात आणि मग पडद्यावरच्या आलेखाशी ताळा करून बघतात.