दिवा लागायच्या आधी बॅटरी काय सांगते

मंडळी, एका फोनपासून सुरुवात करतो. थंडीची पहिलीच सकाळ होती. एका जुन्या ग्राहकाचा फोन आला, आवाजात चीड होती. म्हणाले, "सेल्फ मारला तर नुसता टक्‌ आवाज आला आणि सगळं थंड. पण मला सांगा, दिवा कुठे लागला होता?"

बॅटरी बदलायला त्यांना मी उन्हाळ्यातच सांगितलं होतं. ती गोष्ट पुढे येईल. आधी या दिव्याचं बोलू, कारण सगळा गोंधळ तिथून सुरू होतो.

डॅशबोर्डवर बॅटरीचं चित्र असलेला लाल दिवा असतो. चित्र बॅटरीचं, पण दिवा राखण करतो गाडी चालू असताना वीज बनवणाऱ्या अल्टरनेटरची. जुन्या गाड्यांमध्ये ही रचना फार साधी होती. दिव्याच्या एका टोकाला बॅटरीचा व्होल्टेज, दुसऱ्या टोकाला अल्टरनेटरचा. इंजिन सुरू होऊन अल्टरनेटर वीज बनवायला लागला की दोन्ही टोकांना दाब सारखा होतो, दिव्यातून काही वाहत नाही आणि तो विझतो. त्याला फिरवणारा पट्टा तुटला, चार्जिंगचा दाब सांभाळणारा रेग्युलेटर गेला, की दाब असमान होतो आणि दिवा लागतो. नव्या गाड्यांत मध्ये कंप्युटर आला, तरी प्रश्न तोच विचारला जातो: चार्जिंग होतंय का? बॅटरीच्या पोटातल्या प्लेटा कुजल्यात का, हे त्याला कोणी विचारलेलंच नसतं. त्यामुळे अल्टरनेटर ठणठणीत असेल तर बॅटरी शेवटच्या घटका मोजत असली तरी तो दिवा शांतच राहणार.

आता उन्हाळा. लोकांचा समज असा, की बॅटरीला थंडी मारते, कारण गाडी बंद पडते ती थंडीत. मी उलटं म्हणतो. मारतो उन्हाळाच, थंडी फक्त प्रेत उघडं करते.

बॅटरीच्या आत सहा सेल असतात, प्रत्येक साधारण दोन व्होल्टचा. प्रत्येक सेलमध्ये आळीपाळीने प्लेटा असतात. निगेटिव्ह प्लेट राखाडी, मऊ शिशाची. पॉझिटिव्ह प्लेट चॉकलेटी, लेड डायऑक्साइडची. ही चॉकलेटी पेस्ट ज्या शिशाच्या जाळीत भरलेली असते, तिला ग्रिड म्हणतात. पेस्टला धरून ठेवायचं आणि वीज बाहेर आणायची, ही दोन कामं त्या जाळीची. अ‍ॅसिडमध्ये बुडालेली ही जाळी पहिल्या दिवसापासून हळूहळू गंजत असते. तिचं शिसं लेड डायऑक्साइड होत जातं. हा नवा पदार्थ शिशापेक्षा जास्त जागा मागतो, म्हणून जाळी ताणली जाते, वाढते, तडकते. पेस्टची पकड सुटते. वीज वाहायची वाट अरुंद होत जाते.

हा गंज कोणालाच चुकत नाही, प्रश्न फक्त वेगाचा आहे. ठोकळ हिशेब असा: तापमान दहा अंशांनी वाढलं की असल्या रासायनिक क्रियांचा वेग साधारण दुप्पट होतो. जी जाळी पंचवीस अंशांवर अमुक वर्षं तगली असती, ती सतत पस्तीस अंशांवर त्याच्या जवळपास निम्मीच टिकते. हा हिशेब अर्थातच हवेच्या तापमानाचा नाही, बॅटरीच्या पोटातल्या तापमानाचा आहे. बॉनेटखाली बसलेली बॅटरी हवेपेक्षा बरीच जास्त तापते. तुम्ही गाडी बंद करता तेव्हा तर आणखी तापते, कारण वाऱ्याचा झोत थांबतो आणि इंजिनाची सगळी उष्णता कोंडून राहते. उन्हात उभ्या केलेल्या गाडीचं बॉनेट पंधरा-वीस मिनिटांनी उघडून बॅटरीच्या अंगाला हात लावून बघा, म्हणजे पटेल. (बॅटरीलाच लावा, शेजारच्या पाइपाला नको.)

दुसरं दुखणं पाण्याचं. चार्जिंग होताना थोडं पाणी फुटून हायड्रोजन आणि ऑक्सिजन होऊन उडतं. तापलेल्या बॅटरीला चार्जिंगचा व्होल्टेज कमी लागतो, दर अंशाला साधारण दोन शतांश व्होल्ट. म्हणजे पंचवीस अंशांवर जिला १४.४ व्होल्ट मानवतो, तिला पंचावन्न अंशांवर १३.८ च्या आसपास पुरतो. रेग्युलेटरला बॅटरीचं खरं तापमान कळत नसेल, तर तो जास्तच दाब देत राहतो आणि पाणी भराभर उडतं. पाणी कमी झालं की उरलेलं अ‍ॅसिड दाट होतं, दाट अ‍ॅसिडात जाळी आणखी लवकर गंजते. पातळी प्लेटांच्या खाली गेली तर उघडा पडलेला भाग वाळून कडक होतो. तो नंतर पाणी घालून जिवंत होत नाही. सीलबंद बॅटरीत पाणी कमी उडतं, पण उडतंच, आणि तिच्यात वरून घालायची सोय नसते.

मग मे महिन्यात गाडी झकास का सुरू होते? कारण उष्णता एका हाताने बॅटरी खाते आणि दुसऱ्या हाताने तिचं दुखणं झाकते. गरम बॅटरीत रासायनिक क्रिया चटकन होते, आतला विरोध कमी असतो. इंजिनातलं ऑइलही पातळ असतं, त्यामुळे सेल्फला जोर कमी लावावा लागतो. अर्धी खंगलेली बॅटरीसुद्धा एवढं काम निभावून नेते. पहिल्या थंड पहाटे ऑइल घट्ट होतं, क्रिया मंदावते आणि उरलीसुरली ताकद अपुरी पडते.

आता त्या फोनवाल्या गृहस्थांकडे येतो. उन्हाळ्यात ते माझ्याकडे आले होते एसीच्या तक्रारीसाठी. बोलता बोलता म्हणाले, "सेल्फ मारताना रेडिओ बंद होऊन पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो, तेवढं बघून ठेवा." मी विचारलं, सकाळी सेल्फचा आवाज कसा येतो? म्हणाले, "थोडा आळसावलेला, पण सुरू होते." हा आळस आणि तो रेडिओ, दोन्ही एकच निरोप देत होते. सेल्फ मोटर शेकडो अँपिअर ओढते, तेव्हा आत वाट अरुंद झालेल्या बॅटरीचा व्होल्टेज खाली कोसळतो आणि रेडिओला तेवढ्यात अंधारी येते.

बॅटरी तीन वर्षांची, पाणी घालायची टोपणं असलेली. टोपणं उघडली तर सगळ्या सेलची पातळी खाली गेलेली, पाचव्याची सगळ्यात जास्त. इथे एक फसगत सांगून ठेवतो. पाणी कमी झालं की अ‍ॅसिड दाट होतं, त्यामुळे अ‍ॅसिडची घनता मोजणाऱ्या हायड्रोमीटरचा आकडा चांगला दिसतो. म्हणून आधी डिस्टिल्ड वॉटर घातलं, रात्रभर कमी अँपिअरवर चार्ज केलं, काही तास स्वस्थ ठेवलं आणि मग मोजलं. सहा सेलचे आकडे आले १२५५, १२५०, १२६०, १२५०, ११९० आणि १२५५. म्हणजे पाण्याच्या तुलनेत घनता १.२५५ वगैरे, गॅरेजमध्ये आम्ही टिंब गिळूनच बोलतो. बाकीचे पाच सेल एका ओळीत आणि पाचवा साठ-सत्तर आकड्यांनी मागे. चार्ज करूनही सेलमधला फरक पन्नासच्या वर राहत असेल, तर त्या सेलचं आता काही खरं नाही.

गंमत अशी, की मल्टीमीटर टर्मिनलला लावला तर सरळ १२.५ व्होल्ट दाखवत होता. पूर्ण भरलेली बॅटरी निवांत असताना १२.६ ते १२.७ दाखवते, म्हणजे १२.५ काही वाईट नाही. पाच निरोगी सेलच्या बेरजेत एकाचं दुखणं बुडून जातं. म्हणून नुसता निवांत व्होल्टेज बघून बॅटरीला पास करू नका. मीटर टर्मिनललाच धरून ठेवला आणि त्यांना सेल्फ मारायला सांगितलं. पहिल्या क्षणी आकडा खोल जातो, तो सोडून द्यायचा. सेल्फ फिरत असताना तो कुठे टिकतो ते बघायचं. चांगली बॅटरी उबदार हवेत दहाच्या वर राहते. ९.६ च्या खाली गेली तर संशय पक्का. ही ९.२ वर आली, तीही ऐन उन्हाळ्यात. इंजिन सुरू झाल्यावर मीटर १४.३ वर गेला, म्हणजे अल्टरनेटर अगदी चोख. मग दिवा लागेल कशाला?

मीटर नसेल तर? कान आणि डोळे पुरतात. रात्री गाडी आयडलवर असताना हेडलाइट जरा मंद आणि एक्सलेटर दिल्यावर एकदम प्रखर होत असतील, तर लक्ष द्या. इंजिन बंद असताना काचा रडतखडत वर जात असतील, तीही खूणच. सिग्नलला आपोआप बंद होणारं इंजिन बंद व्हायचं थांबलं असेल, तर बॅटरीच्या सेन्सरने हात आखडता घेतलेला असू शकतो. मात्र एसी जोरात चालू असला तरी तसं होतं, म्हणून सकाळी एसी बंद ठेवून पडताळा. बॅटरीच्या बाजू फुगल्या असतील किंवा सडक्या अंड्यासारखा वास येत असेल, तर ती जास्त चार्ज होऊन उकळतेय. तिथे वाट बघू नका आणि ठिणगी जवळ नेऊ नका. टर्मिनलवरची पांढरी-हिरवी पावडर मात्र लगेच मरणाची खूण समजू नका. कधी नुसतं ढिलं, गंजलेलं टर्मिनलच सेल्फला आळशी करतं. आधी ते घासून घट्ट करा, मग बॅटरीला दोष द्या.

तर मी त्यांना म्हटलं, ही बॅटरी बदला. ते म्हणाले, "अहो, सुरू तर होतेय!" आणि खरंच, उन्हाळाभर सुरू होत राहिली, पावसातही झाली. मग तो फोन आला.

नवी बॅटरी बसवली. जुनी भंगारात द्यायच्या आधी मी उघडून बघितली. अ‍ॅसिड उपसून, जाड हातमोजे आणि चष्मा घालून. घरी कोणी हा उद्योग करू नका. चौथ्या सेलची पॉझिटिव्ह प्लेट बाहेर काढली, तर जाळी थोडी ताणलेली, पण अखंड. पाचव्याची काढायला गेलो, तर वरचा भाग हातात आला आणि खालचा तिथेच राहिला. जाळीची काडी दोन बोटांत दाबली, तर बिस्किटासारखी चुरली. आतून राखाडी शिसं दिसायला हवं होतं. काडी आरपार चॉकलेटी होती.