एका गल्लीत दोन तारा

मंडळी, येताना मी घरचं महावितरणचं बिल घेऊन आलो आहे. त्यात स्थिर आकार आहे, वीज आकार आहे आणि ‘वहन आकार’ नावाची एक ओळ आहे. वीज आकार हा विजेचा. वहन आकार ती वीज तारेवरून तुमच्या दारापर्यंत आणण्याचा. आजचं माझं सगळं बोलणं या एका ओळीभोवती आहे.

समजा एका गल्लीत शंभर घरं आहेत आणि तिथे केबल टाकायला दहा लाख रुपये लागतात. घरामागे दहा हजार पडले. आता स्पर्धा हवी म्हणून दुसऱ्या कंपनीनेही तीच गल्ली खणली, आणखी दहा लाखांची केबल टाकली आणि दोघींनी पन्नास-पन्नास घरं वाटून घेतली. आता घरामागे वीस हजार झाले. वीज तेवढीच, घरं तेवढीच, खर्च मात्र दुप्पट. एकाच पुरवठादाराकडून काम सर्वांत स्वस्तात होतं, अशा धंद्याला नैसर्गिक मक्तेदारी म्हणतात. पाण्याच्या नळवाहिनीचंही तेच.

मुंबईच्या उपनगरांत हा प्रश्न प्रत्यक्ष उभा राहिला. तिथे रिलायन्स, म्हणजे पूर्वीची बीएसईएस आणि आताची अदानी, घरोघरी वीज देत होती. टाटा पॉवरलाही किरकोळ ग्राहकांना वीज विकता येते, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली दिला. २००३ च्या वीज कायद्याप्रमाणे एकाच भागात दुसरा परवानाधारक येऊ शकतो, पण त्याने स्वतःची वितरण यंत्रणा उभारायची असते. म्हणजे पुन्हा तीच गल्ली खणायची. २००९ मध्ये राज्य वीज नियामक आयोगाने वाट काढली: तार रिलायन्सचीच राहील, ग्राहकाने हवं तर वीज टाटाकडून घ्यावी आणि तारेचं भाडं म्हणून वहन आकार भरावा.

यातून एक गोष्ट लख्ख दिसली. वीज विकण्यात स्पर्धा होऊ शकते, मक्तेदारी तारेची आहे. पण गुंताही झाला. टाटाचा दर तेव्हा कमी होता, त्यामुळे ग्राहक तिकडे वळले. त्यांत जास्त दर भरणारे मोठे ग्राहक होते, ज्यांच्या पैशावर लहान घरांचा दर खाली ठेवलेला असतो. ते गेले की भार मागे राहिलेल्यांवर येतो. म्हणून पुढे, सोडून जाणाऱ्यांवर आयोगाला वेगळा अधिभार लावावा लागला. काही ठिकाणी टाटाने स्वतःच्या वाहिन्याही टाकल्या, तेव्हा एकाच रस्त्याखाली दोन यंत्रणांचा खर्च कोणी सोसायचा, हा वाद आयोगापुढे आलाच.

आता तारेचं भाडं ठरतं कसं? कंपनी आपला वर्षाचा खर्च मांडते: देखभाल, पगार, कर्जाचं व्याज, घसारा आणि मालकाच्या भांडवलावरचा परतावा. आयोग तो तपासतो, काही कापतो आणि उरलेला ग्राहकांवर वाटतो. खरी मेख परताव्यात आहे. शंभर कोटींचं उपकेंद्र बांधलं, तर साधारण सत्तर कोटी कर्ज आणि तीस कोटी मालकाचे धरतात. परतावा समजा १५ टक्के असला, तर मालकाला दरवर्षी साडेचार कोटी मिळतात. उपकेंद्र साठ कोटींत झालं असतं, तर दोन कोटी सत्तर लाखच मिळाले असते. मालकाला तेच भांडवल पंधराहून कमी टक्क्यांनी मिळत असेल, तर महाग बांधणंच त्याच्या फायद्याचं. एव्हर्च आणि जॉन्सन या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञांनी १९६२ मध्ये हेच मांडलं होतं.

म्हणून आयोग मोठ्या योजनांना आधी मंजुरी घ्यायला लावतो. वीजगळतीची मर्यादा घालून देतो आणि तिच्यावरच्या गळतीचा बोजा कंपनीनेही उचलावा, असं पाहतो. पण कंपनीच्या आतली माहिती कंपनीकडेच असते. उपकेंद्र खरंच साठ कोटींत झालं असतं का, हे मुंबईतल्या कार्यालयात बसून कळणं कठीण. इथे जाहीर सुनावणी कामाला येते. दरवाढीचा प्रस्ताव प्रसिद्ध करावाच लागतो आणि कुणीही हरकत घेऊ शकतो. पुण्याच्या ‘प्रयास’सारख्या संस्था वर्षानुवर्षं हे करत आल्या आहेत. तुम्ही गेलात तर एवढंच विचारा: गेल्या वेळी मंजूर केलेली कामं पूर्ण होऊन वापरात आली का, आणि कितीला पडली?

पाण्याचं काय? २००५ च्या कायद्याने आपल्याकडे जलसंपत्ती नियमन प्राधिकरण आलं. ते धरणातल्या ठोक पाण्याचे दर ठरवतं: शेतीला, उद्योगाला, महापालिकेला. ते दरही देखभालीचा खर्च भागावा या हिशेबाने असतात, धरण बांधायचा खर्च त्यात नसतो. पण घरच्या नळाची पट्टी महापालिका स्वतःच ठरवते. पाणी विकणारी तीच आणि दर मंजूर करणारीही तीच. जलवाहिनीतून किती पाणी वाटेत गळतं, हे तिला हिशेब मांडून विचारणारा त्रयस्थ आयोग तिथे नाही. विजेच्या दरवाढीवर आपण हरकत नोंदवतो, तशी पाणीपट्टीवर नोंदवायची, तर आज नगरसेवकाचंच दार ठोठवावं लागतं.